रस्त्याच्या फोटोतला सिग्नल बघून देश कसा ओळखायचा: डबा, माणूस आणि बटण

फोटो कुठला आहे हे शोधायला बसलं की नवीन माणूस आधी पाट्या वाचायला जातो, आणि नेमक्या त्याच ब्लर झालेल्या असतात किंवा फ्रेमच्या बाहेर गेलेल्या असतात. सिग्नल मात्र चौकात हमखास सापडतो. बरं, तो लाल-पिवळा-हिरवाच असतो, मग त्यातून काय कळणार असं वाटतं. रंगातून खरंच फार कळत नाही, पण तो डबा कुठं लावलाय, उभा आहे की आडवा, पादचाऱ्यांसाठी त्यात माणूस आहे की हात, आणि पोलवर बटण कसलं आहे, या चार गोष्टी देशागणिक बदलतात. यांचा क्रम मी मुद्दाम असा लावलाय, कारण पहिल्या दोन लांबून आणि खराब फोटोतसुद्धा दिसतात, शेवटच्या दोन जवळून दिसतात पण जास्त नेमकं सांगतात.

पहिलं काम: स्टॉप लाइन शोधा आणि सिग्नल तिच्या अलीकडे आहे की पलीकडे ते बघा

गाड्या जिथं थांबतात ती जाड पांढरी रेघ शोधायची. आता त्या गाड्यांसाठीचा मुख्य सिग्नल त्या रेघेजवळच उभा आहे, की अख्खा चौक ओलांडून समोरच्या बाजूला टांगलाय?

अमेरिकेत आणि कॅनडात तो पलीकडे असतो. अमेरिकेच्या सिग्नलच्या नियमांत मुख्य डबा स्टॉप लाइनच्या पुढे साधारण 40 ते 180 फुटांवर असावा असं सांगितलेलं आहे, म्हणून तिथल्या फोटोत चौकाच्या पलीकडे लांब आडव्या हातावर किंवा तारेवर लटकलेले डबे दिसतात. जपानमध्येही पलीकडचाच मुख्य असतो. युरोपात बहुतेक देशांत उलटं, सिग्नल स्टॉप लाइनपाशीच. फ्रान्समध्ये तर पलीकडे सहसा काहीच नसतं, मग अगदी पुढं थांबलेल्या ड्रायव्हरला मान वर करूनही सिग्नल दिसेना, त्यासाठी त्याच पोलवर खाली, ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या उंचीला एक छोटासा तिहेरी डबा लावतात. मोठ्या डब्याखाली त्याचं हे पिल्लू दिसलं की फ्रान्सचा विचार आधी करा. ब्रिटनमध्ये दोन्हीकडे असतो, रेघेपाशी एक आणि चौकापलीकडे दुसरा. ऑस्ट्रेलियातही दोन्हीकडे.

एवढ्यावर देश ठरत नाही, खंड मात्र बऱ्यापैकी ठरतो. पण एक काळजी घ्या, वाइड लेन्सच्या फोटोत अंतर फसवतं. सिग्नल रेघेपाशी आहे की पलीकडे हे डब्याच्या आकारावरून ठरवू नका, पोल जमिनीला कुठं टेकलाय ते बघा. पोलचा पाया झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे असेल तर अलीकडचा, विषय संपला.

दुसरं: डबा उभा आहे की आडवा

इथं थोडं रमायला हरकत नाही, कारण आडवे सिग्नल जगात मोजक्याच ठिकाणी नेहमीचे आहेत आणि ते एकमेकांपासून वेगळे करता येतात. जपान, दक्षिण कोरिया, तैवान, कॅनडाचं क्यूबेक आणि अमेरिकेतलं टेक्सस, ही नावं आधी डोक्यात ठेवा. याशिवायही आहेत, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको आणि नेब्रास्कात दिसतात, मेक्सिकोतही दिसतात, पण सुरुवातीला या पाचांवर हात बसला की पुष्कळ फोटो सुटतात.

आधी लाल दिवा कोणत्या टोकाला आहे ते बघायचं. जपानमध्ये लाल उजवीकडे असतो, कोरिया, तैवान आणि टेक्ससमध्ये डावीकडे. हे उगाच पाठ करायची गरज नाही, कारण लक्षात ठेवलं की आपोआप लक्षात राहतं: लाल दिवा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून तो रस्त्याच्या मध्याच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे कडेच्या झाडाच्या फांद्या किंवा उंच ट्रक आड आले तरी तो झाकला जाणार नाही. जपानमध्ये गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे मध्याची बाजू उजवी. कोरिया-तैवानमध्ये गाड्या उजवीकडून, मग मध्य डावीकडे. म्हणजे नुसता पेटलेला लाल दिवा दिसला आणि तो आडव्या डब्याच्या उजव्या टोकाला असला तरी गाड्या कोणत्या बाजूने चालतात ते कळलं, रस्त्यावर एकही गाडी नसली तरी.

आता कोरिया आणि तैवान वेगळे करायचे. कोरियात डब्यात बऱ्याचदा चार दिवे असतात, डावीकडून लाल, पिवळा, मग डावीकडे वळायचा हिरवा बाण, आणि शेवटी हिरवा गोल. डब्याची लांबी बघूनच तीन की चार ते समजतं, दिवे न पेटलेले असले तरी. तैवानमध्ये तीन दिव्यांचा डबा नेहमीचा, पण तिथं खरी खूण पादचाऱ्यांच्या सिग्नलमध्ये आहे. तैपेईत 1999 साली हिरवा चालणारा माणूस हलता केला, तो खालच्या चौकोनात पावलं टाकतो आणि वरच्या चौकोनात उरलेले सेकंद दिसतात, वेळ संपत आली की तो अक्षरशः पळायला लागतो. फोटोत अर्थातच तो गोठलेला असतो, पण ठिपक्यांनी बनलेला, गुडघा वर उचललेला माणूस आणि त्याच्या डोक्यावर आकडा असं असेल तर आधी तैवानचा विचार करा.

क्यूबेकचा डबा एकदा बघितला की विसरत नाही. आडवा, दोन्ही टोकांना लाल, आणि दिव्यांचे आकारच वेगळे: लाल चौकोनी, पिवळा बर्फीच्या आकाराचा, हिरवा गोल. रंग ओळखायला त्रास होणाऱ्या ड्रायव्हरला आकारावरून कळावं हा हेतू. शेजारच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांतही आकारांची ही पद्धत दिसते, त्यामुळे लगेच मॉन्ट्रियल म्हणून मोकळं होऊ नका. उलट क्यूबेकमध्ये उभे डबेही भरपूर आहेत, म्हणजे आडवा दिसला तर क्यूबेककडे जा, पण उभा दिसला म्हणून क्यूबेक खोडू नका. हा फरक नवीन लोक फार विसरतात.

टेक्ससमध्ये डबा साधा, तीन दिवे, लाल डावीकडे, चौकापलीकडे टांगलेला. कोरियाशी गोंधळ होईल असं कागदावर वाटतं, पण बाजूचे रुंद रस्ते, पिकअप ट्रक आणि पादचाऱ्यांच्या डब्यातला हात बघून गोंधळ राहत नाही.

जपानची एक गंमत अजून आहे आणि ती देशाच्या आत जागा शोधायला उपयोगी पडते. जिथं बर्फ जास्त पडतो तिथं, म्हणजे होक्काइदो, तोहोकू, निइगाता वगैरे भागांत, डबे उभे लावतात. आडव्या डब्यावर बर्फ साचून वजन वाढतं, उभ्या डब्यावर साचायला जागाच कमी. त्यामुळे फोटोत बाकी सगळं जपानी आहे, गाड्या डावीकडून चालताहेत, पण सिग्नल उभा आहे, असं दिसलं की फोटो उन्हाळ्यातला असला तरी नकाशावर उत्तरेकडे सरका. नवे एलईडी डबे पातळ पत्र्यासारखे असतात, कधी कधी थोडे पुढं झुकवलेले आणि वर झापडही नसते, तेही बर्फ घसरून पडावा म्हणून. आणि रस्त्याच्या कडेला वरून खाली टोक असलेले लाल-पांढरे बाण लटकलेले दिसले तर होक्काइदोची शक्यता आणखी वाढते, बर्फाने रस्ता झाकला गेला की कडा कुठं आहे ते बर्फ हटवणाऱ्या गाडीला कळावं म्हणून ते असतात. म्हणून उभा डबा जपानमध्ये दिसला तर "हे जपान नाहीच" असं म्हणायची घाई करू नका.

तिसरं: पादचाऱ्यांचा डबा

माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती इथं मिळते, आणि लोक नेमका हाच डबा झूम करून बघत नाहीत कारण तो लहान असतो.

पहिला प्रश्न: हात की माणूस? वर केलेला नारिंगी हात आणि पांढरा चालणारा माणूस ही अमेरिका-कॅनडाची जोडी. बाकी जगातल्या बऱ्याच भागात रस्त्यावरच्या चिन्हांबद्दलच्या 1968 च्या व्हिएन्ना कराराच्या वळणाने लाल उभा माणूस आणि हिरवा चालणारा माणूस असतो. लॅटिन अमेरिकेत काही ठिकाणी हातही दिसतो, त्यामुळे हात दिसला तर अमेरिका खंड म्हणा, थेट अमेरिका देश नको. माणूस पांढरा की हिरवा हे मात्र बघायलाच पाहिजे, आणि रात्रीच्या फोटोत पांढरा एलईडी निळसर-हिरवट दिसू शकतो, म्हणून रंगावर विश्वास टाकण्याआधी शेजारी हाताची आकृती अंधुक दिसतेय का ते शोधा. अमेरिकेच्या नव्या डब्यात हात आणि माणूस एकाच चौकोनात एकमेकांवर असतात आणि बाजूला सेकंदाचा आकडा, म्हणजे डबा एकच आणि आडवा-चौकोनी दिसतो. युरोपातला डबा बहुतेक वेळा वर लाल खाली हिरवा असा दोन मजली. जुन्या अमेरिकन फोटोत चित्राऐवजी वॉक आणि डोन्ट वॉक असे शब्द असतात, न्यूयॉर्क शहरानं ते बदलून चित्रं लावायचं काम 2004 च्या सुमारास संपवलं, म्हणजे त्या शहराच्या फोटोत शब्द दिसले तर फोटोचा काळही अंदाजे कळतो. फोटोच्या तारखेचा असा फुकटचा पुरावा सोडू नका.

दुसरा प्रश्न: मजले किती? दोन असतील तर पुढं जा. तीन असतील, म्हणजे लाल आणि हिरव्या माणसाच्या मध्ये पिवळ्याचीही जागा असेल, तर यादी एकदम छोटी होते. गाड्या उजवीकडून चालत असतील तर बहुधा इटली, डावीकडून चालत असतील तर आयर्लंड. हे इतकं साधं आहे की लोकांना खरं वाटत नाही. मधला दिवा पेटलेला असायची गरज नाही, तीन मजले मोजता आले की झालं. चूक एकच होते, आपल्याकडं पाठ किंवा बाजू केलेला गाड्यांचा सिग्नल पादचाऱ्यांचा समजला जातो. ते टाळायला डब्याचं तोंड कुठं आहे ते बघा: पादचाऱ्यांचा डबा झेब्रा क्रॉसिंगच्या दिशेनं, समोरच्या फुटपाथकडे तोंड करून असतो, आणि कमी उंचीवर असतो.

तिसरा प्रश्न: माणसाच्या डोक्यावर टोपी आहे का? टोपीवाला माणूस म्हटलं की सगळे पूर्व जर्मनी म्हणतात आणि ते बरोबरही आहे, वाहतूक मानसशास्त्रज्ञ कार्ल पेग्लाउ यांनी 1961 साली पूर्व बर्लिनसाठी तो सुचवला होता, रुंद कडेची हॅट, मोठं डोकं, लाल असताना दोन्ही हात बाजूला पसरलेले, हिरवा असताना मोठ्या टांगा टाकत निघालेला. पण जपानच्या माणसाच्या डोक्यावरही हॅट असते! फरक अंगलटीत आहे. जपानी माणूस सडपातळ, सरळ उभा, हात अंगाला लागून. जुन्या बल्बच्या जपानी डब्यात तर आकृती पांढरी आणि मागची काच लाल किंवा हिरवी असायची, नव्या एलईडीत काळ्यावर रंगीत आकृती झाली. म्हणजे पांढरी आकृती रंगीत पार्श्वभूमीवर दिसली तर जर्मनी सरळ खोडायचं. आणि एकीकरणानंतर पूर्वेचा हा टोपीवाला पश्चिम बर्लिनमध्ये आणि पश्चिमेच्या काही शहरांतही गेला, त्यामुळे तो दिसला म्हणून जुनी सीमा आखायला बसू नका.

हौशी आकृत्यांबद्दल एकच सांगतो, व्हिएन्नामध्ये 2015 मध्ये जोडप्यांची चित्रं असलेले सिग्नल लावले, डेन्मार्कच्या ऑर्हूसमध्ये व्हायकिंग आहेत. अशी एखादी विचित्र आकृती दिसली तर बाकी काही करू नका, आकृतीचं वर्णन टाकून सर्च करा, देश सोडा, कधी कधी चौकच सापडतो.

डब्याचा रंग आणि मागचा बोर्ड

यावर फार वेळ घालवू नका. अमेरिकेत डबे पिवळेही असतात, काळेही, शहराशहरानुसार बदलतात, न्यूयॉर्कचे पिवळे, कॅलिफोर्नियात काळे जास्त. मागचा काळा बोर्ड असेल आणि त्याला पांढरी किनार असेल तर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स हे आठवा. किनार पिवळी चमकणारी असेल तर अमेरिका, तिथं रात्री लाइट गेली तरी डबा दिसावा म्हणून ती पट्टी वाढत चाललीय. आणि पोल काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा असेल तर नेदरलँड्स बघा, मग मागे सायकलींचा वेगळा छोटा सिग्नल आहे का ते शोधा.

लाल आणि पिवळा एकाच वेळी पेटलेले दिसले तर तोही पुरावा आहे. हिरवा व्हायच्या आधी असं करणाऱ्यांत ब्रिटन, जर्मनी, पोलंड वगैरे येतात. फ्रान्स, इटली, स्पेन, आयर्लंड, अमेरिका, जपान यांत लालवरून सरळ हिरवा होतो. क्षणभरच दिसतो, म्हणून फोटोत क्वचित सापडतो, पण सापडला तर सोन्यासारखा वापरा.

चौथं: बटण

बटण जवळून दिसलं तर उत्तम, पण एक गोष्ट आधी समजून घ्या. सिग्नलचा डबा सहसा त्या देशाच्या नियमानं ठरतो, बटण मात्र कंपनी बनवते आणि जगभर विकते. म्हणून बटणावरून आधी कंपनी कळते, देश नंतर.

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण ऑस्ट्रेलियाचं पीबी/5 नावाचं बटण. 1980 च्या दशकात तिथं बनलेलं, खाली मोठं गोल धातूचं बटण, त्याच्या वरच्या बाजूला गोलाकार पाटीत बाण. वाट बघताना संथ टकटक आणि हिरवा झाल्यावर भराभर टकटक, बाणावर बोट ठेवलं तर कंपन हाताला जाणवतं, म्हणजे ऐकू न येणारा आणि न दिसणारा दोघांनाही कळतं. डिझाइन इतकं चाललं की ते आयर्लंड, सिंगापूर आणि इतरत्र गेलं. आता हे बटण बघून ऑस्ट्रेलिया म्हणणारा माणूस अर्ध्या वेळा बरोबर असतो आणि उरलेल्या वेळी एकदम दुसऱ्या गोलार्धात जाऊन पडतो.

ब्रिटनचा डबा मोठा चौकोनी, त्यात बटण आणि लाल अक्षरांत पेटणारा वेट हा शब्द. तिथं पफिन नावाच्या क्रॉसिंगमध्ये तर समोरच्या बाजूला माणूस नसतोच, लाल-हिरवा छोटा माणूस बटणाच्याच डब्यात, गाड्या ज्या बाजूने येतात त्या बाजूला बघायला लावेल असा बसवलेला असतो. म्हणजे ब्रिटिश वाटणारा चौक आहे, क्रॉसिंग आहे, पण समोर पादचाऱ्यांचा डबा दिसत नाही, तर गोंधळू नका, खाली बटणाकडे बघा. डब्याच्या बुडाला एक छोटा खाचांचा शंकू असतो, हिरवा झाला की फिरतो, अंध माणूस तो हातात धरून ठेवतो. फोटोत तो क्वचितच दिसतो पण दिसला तर पुरावा तगडा.

जर्मनीत पिवळा डबा, त्यावर तीन काळे ठिपके, ही अंध व्यक्तीची खूण. स्वीडनमध्ये डब्याच्या कडेला उठावाचा नकाशा असतो, समोर किती लेन, मध्ये दुभाजक आहे की नाही हे बोटानं वाचायचं, पण तीच कंपनी इतर देशांतही विकते. अमेरिकेत बटण लहान असतं पण त्याच्या वरची सूचनांची पाटी मोठी, हाताचं आणि माणसाचं चित्र आणि त्याचा अर्थ, शिवाय कोणत्या दिशेसाठी ते सांगणारा बाण. पाटीवरची अक्षरं वाचता आली नाहीत तरी चित्रांची रांग आणि पाटीचा उभा आकार पुरतो.

एक फोटो सोडवून बघू

समजा फोटो असा आहे: ढगाळ दुपार, ओला रस्ता, विटांची दुमजली घरं, गाड्या डावीकडून चालताहेत, सगळ्या पाट्या ब्लर. पुढच्या पोलवर मोठं गोल धातूचं बटण, बाणाची पाटी. दूर पिवळ्या रंगाची, टोकावर उभ्या चौकोनाची धोक्याची पाटी, चित्र दिसत नाही.

नवीन माणूस म्हणणार मेलबर्न. बटण ऑस्ट्रेलियाचं, पिवळी चौकोनी पाटी ऑस्ट्रेलियातही असते, विटांची घरं तिथंही आहेत, डावीकडून गाड्याही. चारही गोष्टी जुळतात आणि तरी उत्तर चुकीचं असू शकतं, कारण या चारही गोष्टी आयर्लंडमध्येही जुळतात! आयर्लंडच्या धोक्याच्या पाट्या ब्रिटनसारख्या लाल त्रिकोणी नसून पिवळ्या आणि टोकावर उभ्या असतात. म्हणजे जे जे जुळतंय ते दोन्हीकडे जुळतं, त्यामुळे अजून काहीच ठरलं नाही. आता वेगळं करणारी एखादी गोष्ट हवी.

ती रस्त्यापलीकडे आहे. समोरच्या फुटपाथवरचा पादचाऱ्यांचा डबा झूम करा, लाल माणूस वर पेटलाय. त्याखाली किती काच आहेत? समजा दोन. म्हणजे तीन मजले. ऑस्ट्रेलियात दोन असतात, न्यूझीलंडमध्येही दोन. ब्रिटनमध्ये दोन असतात किंवा पलीकडे असतच नाही. डाव्या बाजूने गाड्या आणि तीन मजले, आयर्लंड.

थांबा, अजून एक तपासणी करायची, कारण आपण तो तीन मजली डबा गाड्यांचा सिग्नल समजून मोजला नाही ना? त्याचं तोंड आपल्या फुटपाथकडे आहे, आतली आकृती माणसाची आहे, गोल दिवा नाही, म्हणजे ठीक. मग रस्त्याच्या कडा बघा. फुटपाथला लागून दुहेरी पिवळी रेघ असेल तर ऑस्ट्रेलिया आणखी दूर जातो, पण ब्रिटन परत आत येतं, तिथंही ती असते. मग थांबलेल्या गाडीची मागची नंबर प्लेट: अक्षरं ब्लर असली तरी पाटीचा रंग राहतो. ब्रिटनमध्ये मागची पिवळी, आयर्लंडमध्ये मागची पांढरी आणि डाव्या टोकाला निळी पट्टी. पांढरी दिसली, झालं. पिवळी दिसली असती आणि बाकी सगळं आयर्लंडसारखं असतं, तर सीमेपलीकडच्या उत्तर आयर्लंडचा विचार करावा लागला असता, कारण तो ब्रिटनच्या नियमांत येतो, आणि एक पिवळी पाटी म्हणजे एखादी पाहुणी गाडीही असू शकते, म्हणून दोन-तीन गाड्या बघूनच ठरवा.

प्लेटची अक्षरं थोडी जरी वाचता आली तर आणखी खोल जाता येतं. आयरिश नंबरमध्ये आधी वर्ष, मग काउंटीचं अक्षर, मग अनुक्रम, जसं डब्लिनला डी, कॉर्कला सी, गॉलवेला जी. 2013 पासून वर्षाचे आकडे तीन झाले, म्हणजे पहिल्या सहामाहीत नोंदली तर 131, दुसऱ्या सहामाहीत 132. आकडा तीन अंकी असेल तर फोटो 2013 च्या आधीचा असूच शकत नाही. गाडी देशभर फिरते, तेव्हा एका गाडीच्या अक्षरावरून शहर ठरवू नका, पण पार्क केलेल्या पाच गाड्यांपैकी चारांवर तेच अक्षर असेल तर त्या काउंटीपासूनच शोध सुरू करा.

फोटोच फसवतो तेव्हा

एलईडी सिग्नल डोळ्याला सतत पेटलेला वाटतो पण अनेक ठिकाणी तो विजेच्या फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट वेगानं लुकलुकत असतो, 50 हर्ट्झवर सेकंदाला 100 वेळा, 60 वर 120. शटर जलद असेल तर नेमका विझलेला क्षण पकडला जातो आणि चौकातले सगळे दिवे बंद दिसतात. जपानचा पूर्वेकडचा भाग 50 हर्ट्झवर आणि पश्चिमेकडचा 60 वर चालतो, आणि गाडीतल्या कॅमेऱ्याचा फ्रेम रेट या वेगाशी जुळला की व्हिडिओत सिग्नल सेकंदभर विझलेलाच दिसतो. त्यामुळे एकही दिवा पेटलेला नाही म्हणून "चौक बंद आहे" किंवा "वीज गेलीय" असा अर्थ काढू नका, डब्याचा आकार आणि काचांची संख्या तशीही वाचता येते.

आणि फोटो आरशासारखा उलटा केलेला असू शकतो, विशेषतः सेल्फी किंवा कुणीतरी मुद्दाम फिरवलेला. जपानचा आडवा सिग्नल उलटा केला की लाल डावीकडे येतो, गाड्याही उजवीकडून चालताना दिसतात, आणि सगळं कोरियासारखं पटतं. ते पकडायचं असेल तर आधी कुठलीतरी अक्षरं शोधा, एक अक्षर पुरतं. अक्षरच नसेल तर बसा आणि गाडीत स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे ते बघा, पण तेही उलटं होणार, म्हणून ते आणि लाल दिवा एकमेकांशी जुळतात यावर खूश होऊ नका, दोघंही एकत्रच फिरलेत. तेव्हा उलटं केल्यानं न बदलणाऱ्या गोष्टींवर भर द्या: दिव्यांची संख्या, पादचाऱ्यांच्या डब्याचे मजले, टोपी आहे की नाही. चार दिवे असतील तर कोरिया, तीन दिवे आणि पादचाऱ्याच्या डब्यात हॅटवाला सडपातळ माणूस असेल तर जपान, मग फोटो कितीही वेळा फिरवलेला असो.